कापूस वाळतो तेव्हा काय कमी होतं?

"आबाजी, सराव पेपरात प्रश्न होता की १०० किलो कापसात १२ टक्के ओलावा आहे, उन्हात वाळवल्यावर ओलावा ८ टक्के राहिला, तर आता कापसाचं वजन सुमारे किती? पर्याय होते ८८, ९२, ९६ आणि १०४. मी १२ मधून ८ वजा केले, ४ आले, १०० मधून ४ गेले, ९६. उत्तरसूचीतही ९६ च आहे. तरी तुम्ही लाल फुली काहून मारली? एनएमएमएस शिष्यवृत्तीच्या पेपरात पायऱ्या कोणी बघत नाही. नव्वद मिनिटांत नव्वद प्रश्न असतात. गोल बरोबर काळा झाला तर बाकीचं कशाला पाहिजे?"

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

वही पुन्हा काढून बघ. फुली ९६ वर नाही. बाजूच्या कोऱ्या जागेत तू १२ − ८ = ४ लिहिलं आहेस, फुली त्यावर आहे. ९६ ला मी हातही लावलेला नाही.

आधी तुझंच उत्तर तपासू. तू म्हणतेस चार किलो पाणी उडालं. ठीक आहे, धरू तसं. सुरुवातीला १०० किलोत पाणी १२ किलो होतं, त्यातलं चार गेलं, आठ किलो उरलं. कापूस आता ९६ किलो. मग ओलावा किती? ९६ किलोत ८ किलो पाणी. ८ ला ९६ नं भागून १०० नं गुण. ८.३३ येतात. प्रश्नात तर ८ टक्के म्हटलं आहे. म्हणजे कापूस अजून पुरता वाळलेला नाही, तू त्याला थोडा आधीच गोळा करून घरात आणलास.

हे आकड्यांत पटत नसेल तर आजीकडून तुरी आणि हरभरे मागून घे. २२ तुरी, ३ हरभरे, एकूण २५ दाणे. तूर म्हणजे कोरडा कापूस, हरभरा म्हणजे पाणी. २५ मध्ये ३ म्हणजे बरोबर १२ टक्के. आता एक हरभरा उचल. २५ मधला एक म्हणजे चार टक्के गेले, तुझ्या हिशोबानं आठ टक्के उरायला पाहिजेत. मोज. दोन हरभरे आहेत, पण दाणे आता २५ कुठे आहेत? २४ आहेत. २४ मध्ये २, म्हणजे बारावा भाग, म्हणजे ८.३३ टक्के. हरभरा उचलला की हरभरेही कमी होतात आणि एकूण ढीगही कमी होतो. पहिले १२ टक्के १०० किलोचे होते. नंतरचे ८ टक्के त्या १०० किलोचे नाहीत, जे काही उरलं त्याचे आहेत. दोन वेगवेगळ्या ढिगांचे टक्के तू एकमेकांतून वजा केलेस.

मग धरायचं काय? ढीग बदलतो, पाणी बदलतं, टक्के बदलतात. एकच गोष्ट बदलत नाही, ती म्हणजे तूर. उन्हानं पाणी जातं, सरकी आणि रुई कुठे जात नाही. १०० किलोत १२ पाणी, म्हणजे ८८ किलो सुकं. वाळल्यावरही सुकं ८८ किलोच. पण आता पाणी ८ टक्के आहे, म्हणजे सुकं ९२ टक्के आहे. ज्या वजनाचे ९२ टक्के ८८ किलो होतात, ते वजन काढायचं. ८८ भागिले ९२ गुणिले १००, म्हणजे ९५.६५ किलो. परत लावून बघ: पाणी उरलं ९५.६५ वजा ८८, म्हणजे ७.६५ किलो, आणि ९५.६५ चे ८ टक्के ७.६५ च येतात. जुळलं.

आता तू म्हणशील, ९५.६५ म्हणजे सुमारे ९६ च ना? हो. म्हणूनच तर तुला टिक मिळाली. आणि मला काळजी वाटते ती याचीच. तुझं उत्तर चुकलं असतं तर तू उत्तरसूची बघून थांबली असतीस, काय चुकलं ते शोधलं असतंस, वर्गात विचारलं असतंस. बरोबर आलं म्हणून तू पुढच्या प्रश्नाकडे गेलीस आणि ती वजाबाकी "जमते" असं मनात पक्कं करून गेलीस. ती पुढच्या वेळी पुन्हा येणार.

हा दोष थोडा पेपर काढणाऱ्याचाही आहे. मी केंद्रावर सराव पेपर काढायला बसत असे तेव्हा आम्ही प्रत्येक चुकीच्या पर्यायाला विचारायचो, तू कोणत्या चुकीतून जन्मलास? ८८ तिथे आहे कारण कुणी सगळंच पाणी काढून टाकतो. ९२ आहे कारण कुणी १०० मधून सरळ ८ वजा करतो. १०४ आहे कारण कुणी वजाऐवजी अधिक करतो. मग सगळ्यात जास्त पोरं जी चूक करतात, १२ मधून ८ वजा करण्याची, तिच्यासाठी पर्याय कुठे आहे? तो खऱ्या उत्तराच्याच पोटात जाऊन बसला, कारण "सुमारे" लिहून उत्तर पूर्णांकात आणलं. ९५.६५ आणि ९६ असे दोन पर्याय ठेवले असते तर हा प्रश्न चांगला होता. आता आहे तसा तो कुणाला येतं आणि कुणाला येत नाही हे सांगतच नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूनं सांगतो. तू जर असं लिहिलं असतंस, की वाळल्यावर वजन वाढणार नाही म्हणून १०४ गेला, ८८ म्हणजे पाणी शून्य म्हणून तो गेला, ९२ घेतलं तर पाणी ४ किलोच उरतं आणि ते साडेचार टक्केही भरत नाही म्हणून तोही गेला, उरला ९६, तर मी फुली मारली नसती. पर्याय खोडत जाणं हाही विचारच आहे, त्यात प्रत्येक पर्यायाला तू कारण देतेस. भागाकार केलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही.

आता तीच वजाबाकी दुसऱ्या मालावर लावू. आपल्या भिवापूरकडची मिरची घे. समज, तोडलेल्या लाल ओल्या मिरचीत ७० टक्के पाणी आहे आणि ती १० टक्क्यांपर्यंत वाळवायची आहे. १०० किलो ओल्या मिरचीची वाळलेली किती होईल? तुझ्या रीतीनं ७० वजा १०, म्हणजे ६०, १०० मधून ६० गेले, ४० किलो. सुकं धरून कर: सुकं ३० किलो, ते आता ९० टक्के आहे, म्हणून ३० भागिले ९० गुणिले १००, म्हणजे ३३.३३ किलो. कापसात साडेतीनशे ग्रॅमचा फरक होता, इथे पावणेसात किलोचा झाला. वजाबाकी तीच, मिरचीवर आल्याबरोबर उघडी पडली.

हे मला पुस्तकातून समजलं नाही पोरी, आपल्याच मिरची वाळवायच्या अंगणात, सातऱ्यावर समजलं, आणि ते मी तुझ्या बाबालासुद्धा कधी नीट सांगितलं नाही.

नोकरीला लागून मला तीन-चार वर्षं झाली होती. शाळेत गणित मीच शिकवायचो. त्या वर्षी आपली पाच क्विंटल ओली मिरची सातऱ्यावर पडली होती. ओल्या मिरचीत पाणी ७० टक्के आणि साठवायला १० टक्क्यांवर आणावी लागते, हे आकडे मला एका कृषी सहायकानं सांगितले होते. माझ्या वडिलांनी विचारलं, वाळून किती भरेल? मी उभ्या उभ्या सांगितलं, दोन क्विंटल. पाचशेचे साठ टक्के तीनशे, पाचशेतून तीनशे गेले, दोनशे राहिले. मास्तर पोरगा म्हणाला म्हणून त्यांनी दोन क्विंटलच्या हिशोबानं पोती आणली आणि एका व्यापाऱ्याला तेवढाच माल बोलून बसले.

मिरची वाळवायला आणि राखायला एक बाई होती, आमच्याच वस्तीतली. सकाळी पसरवायची, दुपारी पालटायची, सांजेला दव लागू नये म्हणून गोळा करून झाकायची. वीस-बावीस दिवसांनी मिरची हातात घेतली की खुळखुळ वाजायला लागली, बी आत सुटं झालं. काट्यावर घातली. देठासकट एक क्विंटल पासष्ट किलो भरली.

पस्तीस किलो कमी. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मी वहीकडे बघितलं. माझा हिशोब तर बरोबर होता. मग पस्तीस किलो गेले कुठे? कुणी तोंडानं "चोरी" म्हटलं नाही, पण बाईला दुसऱ्या दिवसापासून बोलावलं नाही आणि काहून बोलावलं नाही ते सगळ्या वस्तीला कळलं. ती एकदा दारात आली होती. "गुरुजी, म्या एक मिरची नेली नाही," एवढंच म्हणाली. मी मान खाली घालून उभा राहिलो.

पुढे दोन महिन्यांनी सातवीच्या वर्गावर मी शेकडेवारी शिकवत होतो. उदाहरण म्हणून तीच मिरची फळ्यावर मांडली, १०० किलो, ७० टक्के, १० टक्के. मागच्या बाकावरचा एक पोरगा, ज्याचं गणिताचं उत्तर सहसा चुकायचं, तो म्हणाला, "गुरुजी, मिरची तर तेवढीच राहते ना, पाणीच जाते. तीस किलो मिरची अन् वरतून थोडंसं पाणी. चाळीस कशी होईन?" त्याला पुढचा भागाकार आला नाही. त्यानं उत्तर ३१ सांगितलं. त्या दिवशी फळ्याजवळ उभं राहून मी दोन्ही कागद डोळ्यांपुढे आणले, माझं "४०" आणि त्याचं "३१". दोन्ही चूक. पण त्याच्या ३१ ला फक्त एक भागाकार शिकवला की ते ३३ होणार होतं. माझ्या ४० ला काहीही शिकवलं तरी ते ४० च राहणार होतं, कारण मला मिरची आणि पाणी वेगळं दिसलंच नव्हतं.

पाचशे किलोवर मांडून बघ. सुकं १५० किलो. भागिले ९०, गुणिले १००. १६६.६७ किलो. आमची भरली १६५. दीड-पावणेदोन किलो बी सांडून, तुकडे होऊन, पाखरांनी टोचून गेली असेल. बाईनं खरंच एक मिरची नेली नव्हती.

मी संध्याकाळी तिच्या घरी गेलो. फळ्यावरचं सगळं तिला तोंडी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले तर म्हाईतच होतं, दरसाल पाचाची दीड-पावणेदोनच होते." तिला हे आधीपासून ठाऊक होतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आणखी एक बघ. मी सांगितलेलं दोन क्विंटल खरं करायचं म्हणून वडिलांनी काटा २०० वर असतानाच मिरची पोत्यात भरली असती तर? २०० किलोत १५० सुकं, म्हणजे ५० किलो पाणी. ओलावा २५ टक्के. अशी मिरची बंद पोत्यात काही दिवसांत बुरशी धरते, काळी पडते, वास मारते. म्हणजे माझ्या उत्तराप्रमाणे माल केला असता तर तो सगळाच गेला असता.

आता तुझ्या मनात येईल की कापसात ती वजाबाकी जवळजवळ का चालते आणि मिरचीत का नाही. हे समजलं की तुला ती कधी वापरायची तेही कळेल. मघाशी ८ किलो पाणी ९६ किलोत ठेवून ८.३३ टक्के आले, आठवतं? तू पाणी काढलंस चार किलो, पण त्या उडालेल्या चार किलोच्या जागेतसुद्धा प्रश्न आठ टक्के ओलावा मागत होता असं तू धरलंस. खरं तर जे उडालं त्याच्यात आता ओलावा मोजायचाच नाही. त्यामुळे चूक किती होणार हे दोन गोष्टींवर आहे: किती टक्के खाली आणायचं आणि शेवटी किती टक्के ओलावा ठेवायचा. १०० किलोमागे चूक काढायची असेल तर दोन्ही टक्क्यांतला फरक घे, त्याला शेवटच्या ओलाव्यानं गुण आणि शेवटच्या सुक्या टक्क्यांनी भाग. कापसात ४ गुणिले ८ भागिले ९२, म्हणजे ०.३५ किलो. मिरचीत ६० गुणिले १० भागिले ९०, म्हणजे ६.६७ किलो. दोन्ही वर आलेल्या फरकाशी जुळतात, ताडून बघ.

आणि शेवटचा ओलावा शून्य असेल तर? गुणाकारात शून्य आला, चूकही शून्य. एखादी वस्तू पार कोरडी केली तर तुझी वजाबाकी अगदी बरोबर आहे, कारण तेव्हा उरलेल्या ढिगाचे टक्के काढायचेच नसतात. म्हणजे ती रीत पूर्ण खोटी नाही, तिला एक जागा आहे. ती जागा माहीत नसताना वापरणं हे अंधारात विहिरीकाठी चालण्यासारखं आहे.

दुसऱ्या टोकाला जाऊ. एखाद्या वस्तूत ९९ टक्के पाणी आहे आणि ते ९८ टक्क्यांवर आलं. १०० किलोचे किती राहिले? वजाबाकी सांगेल ९९ किलो. आता सुकं धर. सुकं १ किलो. ते आता २ टक्के आहे. १ भागिले २ गुणिले १००, म्हणजे ५० किलो. अर्धा ढीग गेला! पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा मलाच खरं वाटलं नाही, म्हणून पुन्हा दाण्यांवर आलो: १ तूर आणि ९९ हरभरे. तूर दोन टक्के व्हायला ढिगात ५० च दाणे पाहिजेत. तूर तर वाढणार नाही, मग हरभरेच ५० काढावे लागतील. दुसरा मार्गच नाही.

तू अजून एक विचारशील म्हणून आधीच सांगतो, कारण तुझ्या मोठ्या काकांनी मला हाच प्रश्न विचारला होता. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर तर वजाबाकीच करतात! तिथे नियम असा आहे की ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. १२ टक्क्यांचा कापूस नेला तर भाव चार टक्के कमी. तुझंच गणित. पण तो ठरवलेला व्यवहाराचा नियम आहे, सगळ्यांना तोंडी हिशोब करता यावा म्हणून सोपा ठेवलेला. कापूस उन्हात तो नियम पाळत नाही.

काकांचा खरा प्रश्न वेगळा होता. "आबाजी, वाळवून नेऊ का तसाच नेऊ?" २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, तो धरू. १२ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल तसाच नेला तर चार टक्के कपात होऊन ७,७८५ रुपये ६० पैसे मिळतील. तोच कापूस अंगणात पसरवून ८ टक्क्यांवर आणला तर भाव पूर्ण, पण वजन ९५.६५ किलो, म्हणजे रुपये सुमारे ७,७५७. वाळवून नेला तर २८ रुपये कमी, आणि पसरवायची-गोळा करायची मजुरी वेगळी! वजाबाकीनं केलं असतं तर दोन्ही सारखेच दिसले असते. मी काकांना सांगितलं, ओलावा ११-१२ च्या आत खात्रीनं असेल तर वाळवण्यात पैसा नाही. पण दवात वेचलेला कापूस असेल, मीटरची सळई गाडीत खुपसल्यावर १३-१४ दाखवेल अशी भीती असेल, तर एक-दोन ऊन देऊनच ने, कारण तिथून गाडी परत आली तर भाड्याचा भुर्दंड २८ रुपयांत मावत नाही. हा निर्णय "९६" या पर्यायातून निघत नाही. ९५.६५ कुठून आलं हे ज्याला माहीत आहे त्यालाच तो घेता येतो.

प्रश्नातला शब्दही नीट वाचायचा. आपल्या शाळेच्या गणितात ओलावा एकूण वजनाचा टक्का धरतात. पण सूतगिरण्यांच्या व्यवहारात एक दुसरं माप चालतं, त्याला रिगेन म्हणतात, आणि ते पाण्याला कोरड्या मालाच्या वजनानं भागून काढतात. रुईचं प्रमाणित रिगेन ८.५ टक्के आहे. तेच आपल्या भाषेत एकूण वजनाच्या ७.८ टक्के होतं. तुझा प्रश्न कुणी त्या मापानं सोडवला तर १०० किलोत सुकं ८९.२९ निघेल आणि वाळल्यावर ९६.४३ किलो भरेल. गंमत बघ, तोही "सुमारे ९६" च आहे. तीन जण तीन वेगळ्या वाटांनी आले आणि तिघांनी एकच गोल काळा केला. त्यांतल्या कुणाला प्रश्न समजला होता हे उत्तरपत्रिकेवरून कुणीही सांगू शकणार नाही. मला मात्र तुझ्याबद्दल ते माहीत असायला पाहिजे, म्हणून मी कोरी जागा बघतो.

वेळेचं तू जे म्हणालीस ते खरं आहे. एका प्रश्नाला एक मिनिट. पण घड्याळ लावून बघ. "सुकं किती?" ८८. "आता ते किती टक्के?" ९२. ८८ भागिले ९२ पूर्ण करायची गरजच नाही, ९६ टक्क्यांच्या किंचित खाली येतं हे दिसतं, गोल काळा कर आणि पुढे जा. वीस सेकंद फार झाले. तुझी वजाबाकी दहा सेकंदांची होती. वाचलेल्या दहा सेकंदांत तू जास्तीत जास्त अर्धा प्रश्न वाचशील.

आणि पेपरात हे गणित ओलाव्याच्या रूपातच येईल असं नाही. दुधात पाणी मिसळलं, साखरेच्या पाकातलं पाणी आटवलं, वर्गातल्या मुलींचं प्रमाण काही मुलगे शाळा सोडून गेल्यावर बदललं, सोन्यात तांबं मिसळलं. प्रत्येक ठिकाणी काहीतरी बदलतं आणि काहीतरी तसंच राहतं. पाकात साखर तशीच राहते. वर्गात मुली तशाच राहतात. दुधात पाणी घातलं तर दूध तसंच राहतं. आधी ते शोध, त्याच्या खाली रेघ मार, मग टक्क्यांना हात लाव. मागच्या आठवड्यात तुझा पाकाचा प्रश्न चुकला होता, आठवतं? तेव्हा तू म्हणालीस "ते वेगळं गणित आहे." तो हाच प्रश्न होता, आणि तिथेही तू वजाबाकीच केली होतीस. तिथे पर्याय जवळ-जवळ होते म्हणून पकडली गेलीस, इथे लांब-लांब होते म्हणून सुटलीस.

दोन गणितं पाठवतो. पर्याय दिलेले नाहीत.

पहिलं: ८ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल कापूस रात्री उघड्यावर राहिला, दव पडलं, सकाळी ओलावा १२ टक्के निघाला. वजन किती झालं? करण्याआधी एक ओळ लिही, की ते १०४ पेक्षा जास्त येईल का कमी, आणि काहून.

दुसरं: सोयाबीन काढलं तेव्हा २० टक्के ओलं होतं, १२ टक्क्यांवर आणून विकायचं आहे. आडत्या म्हणतो ८ टक्के घट धरतो, क्विंटलमागे ९२ किलोचे पैसे देतो, ओलंच देऊन टाका. त्यात फायदा कुणाचा, आपला का त्याचा? किलोत सांग.

उत्तर फोनवर सांगू नको. वही बाबाजवळ दे, तो शनिवारी इकडे येणार आहे. कोऱ्या जागेतलं कच्चं काम खोडरबरानं पुसू नको, चुकलं असलं तरी तसंच राहू दे. आजीनं तुझ्यासाठी तुरी आणि हरभरे वेगळ्या पुड्यांत बांधून ठेवले आहेत, तेही त्याच्या हाती पाठवतो.

तुझे आबाजी